दोन्ही टोकं एकाच डब्यात

संध्याकाळी नेट रडतं, ही तक्रार कुठल्याही तालुक्याच्या गावात नवी नाही. सगळे एकदम मोबाइल आणि टीव्ही लावून बसतात, लाइन भरते. आमच्या भागातल्या केबलवाल्याच्या तंत्रज्ञानेही आधी तेच मानलं. पण आलेख वेगळंच सांगत होता. वरून येणारी लाइन निम्मीसुद्धा भरत नव्हती. शिवाय गर्दी हळूहळू वाढते. इथे सहाच्या ठोक्याला नेट बसायचं आणि साडेनऊला सुधारायचं. रविवारी तक्रारच नाही.

मग त्याने एका ग्राहकाच्या घरून गावातल्याच मुख्य राउटरला पिंग करून पाहिलं. एरवी दोन मिलिसेकंदांत येणारं उत्तर कधी तीनशेत यायचं, कधी यायचंच नाही. म्हणजे दुखणं गावातच होतं. गल्लीतल्या स्विचच्या नोंदींत एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली: `MACFLAP_NOTIF`. राउटर पहिल्या पोर्टवर असताना स्विचला तो क्षणात सातव्या पोर्टवर भासत होता.

सातवी वायर एका शिकवणीच्या वर्गात जात होती. वर्ग सहाला सुरू होतो, तेव्हाच तिथला आठ पोर्टांचा साधा स्विच चालू होतो. त्यात एकाच वायरीची दोन्ही टोकं खोचलेली होती. झाडलोट करताना कुणाला एक टोक लोंबकळताना दिसलं आणि त्याने ते रिकाम्या भोकात बसवलं.

एवढ्याने गल्ली का अडावी? नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना शोधताना सगळ्यांना हाक मारतात. स्विच ती हाक, जिथून आली ते पोर्ट सोडून, बाकी सगळीकडे पाठवतो. वायरीचा फेरा असेल तर देवळातल्या प्रदक्षिणेसारखी ती फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीत तिची प्रत बाहेरही पडते. इंटरनेटच्या पॅकेटला टप्प्यांची मर्यादा असते, इथरनेटच्या फ्रेमला नसते. राउटरचीच हाक अशी सातव्या पोर्टातून परत आली की स्विच फसतो आणि घरांकडून राउटरकडे जायचा डेटा वर्गाकडे वळवतो.

गंमत अशी की गल्लीतल्या स्विचवर स्टॉर्म कंट्रोल, म्हणजे अशा हाकांवरचा लगाम, लावलेला होता. तो नसता तर नेट पूर्ण बंद पडलं असतं आणि दोष पहिल्याच संध्याकाळी सापडला असता. लगामामुळे पूर नुसता ओसरला, चूक मात्र लपली.

सातवं पोर्ट बंद करताच पिंग दोनवर आलं. वायर काढल्यावर त्याने ग्राहकांच्या सगळ्या पोर्टांवर लूप डिटेक्शन चालू केलं. स्विच आता स्वतःची खुणेची फ्रेम सोडतो. ती परत आली की ते पोर्ट आपोआप बंद करतो.

तुमच्याकडे असं होत असेल तर 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका; ते नेमकं किती वाजता बसतं आणि कोणत्या दिवशी बसत नाही, तेही सांगा.