चाचणी पॉझिटिव्ह, पण आजार आहे का?

संभाव्यतेच्या गृहपाठातले एक गणित पाहा. एक आजार शंभरात एकाला असतो. तो असेल तर चाचणी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, नसेल तरीही ५ टक्के वेळा येते. मग पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती?

बरेच विद्यार्थी ९० टक्के लिहून मोकळे होतात. पण ९० टक्के हे आजारी माणसांपैकी पॉझिटिव्ह किती, याचे उत्तर आहे. प्रश्न उलटा आहे: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी आजारी किती?

इथे वृक्षाकृती कामी येते. पहिल्या दोन फांद्या आजाराच्या: आहे ०.०१, नाही ०.९९. प्रत्येकीला पुढे निकालाच्या दोन फांद्या फुटतात. वाटेवरच्या संख्यांचा गुणाकार करायचा. आजारी आणि पॉझिटिव्ह: ०.०१ × ०.९० = ०.००९. निरोगी, तरी पॉझिटिव्ह: ०.९९ × ०.०५ = ०.०४९५. चारही टोकांची बेरीज १ आली नाही, तर कुठेतरी चूक आहे.

पॉझिटिव्हची दोन टोके मिळून ०.०५८५ होतात. ०.००९ ला त्याने भागले की उत्तर येते सुमारे १५ टक्के. निरोगी माणसे इतकी जास्त, की त्यांच्यातले थोडे चुकीचे निकालही खऱ्या रुग्णांपेक्षा भारी पडतात.

लक्षणे असलेल्या गटात आजाराचे प्रमाण २० टक्के धरले, तर तीच चाचणी सुमारे ८२ टक्के देते. म्हणून पहिल्या फांदीवरची संख्या कोणत्या गटाची आहे, हे आधी पाहावे.