उणे दोनला बाहेर का काढलं?

क्लासच्या वर्कशीटचा फोटो अकरावीच्या मुलांच्या फोनवर येतो तो बहुतेक वेळा थोडा तिरका, एका कोपऱ्यात हाताची सावली पडलेला. इतर विषयांत तेवढ्याने काही बिघडत नाही. लॉगच्या गणितात मात्र सगळं बारीक अक्षरांवर चालतं. पाया ओळीच्या किंचित खाली छापलेला, घातांक किंचित वर, आणि फोटोत सगळ्यात आधी पुसट होतात ती हीच अक्षरं. म्हणून पेन उचलण्याआधी गणित नीट वाचून वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावं. एक साधं गणित घेऊ:

log₂(x) + log₂(x − 2) = 3

log₂(8) म्हणजे 2 चा कितवा घात केला की 8 मिळतात, हा प्रश्न. उत्तर 3. इथे खालचा 2 हा पाया आहे. फोटोत तो ओळीवर आल्यासारखा दिसला, तर तेच गणित log(2x) + log 2(x − 2) = 3 असं वाचलं जातं. पाया लिहिलेला नसला की शाळेत तो 10 धरतात. मग 4x(x − 2) = 1000 होतं आणि उत्तर येतं 1 + √251, म्हणजे साधारण 16.84. सरावाच्या कागदावर सुरुवातीलाच असं बोजड उत्तर आलं, तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी फोटो मोठा करून पाहावा. चूक बहुधा वाचण्यातच असते.

आता नीट वाचलेलं गणित सोडवू. पाया एकच असेल तर लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग. म्हणून log₂[x(x − 2)] = 3, म्हणजेच x(x − 2) = 2³ = 8. सगळं एका बाजूला आणलं की दहावीत भेटलेलं वर्गसमीकरण समोर येतं: x² − 2x − 8 = 0. अवयव पाडले की (x − 4)(x + 2) = 0, आणि मुळं मिळतात 4 आणि −2.

बरीच मुलं इथे दोन्ही उत्तरांना चौकट करून पुढच्या गणिताकडे वळतात. ताळा पाहू. x = 4 ठेवलं तर log₂(4) + log₂(2) = 2 + 1 = 3. जमलं. x = −2 ठेवलं तर log₂(−2) + log₂(−4) लिहावं लागतं, आणि तिथेच गाडी थांबते. 2 चा कोणताही घात घ्या, अगदी उणे पाचवा घेतला तरी 1/32 मिळेल. शून्य किंवा उणे संख्या कधीच मिळत नाही. म्हणून −2 बाद. उत्तर फक्त 4.

पण आपण एकही पायरी चुकलो नव्हतो, मग हे −2 आलं कुठून? ते आलं दोन लॉग एकत्र केले त्या पायरीवर. मूळ गणितात x आणि x − 2 हे दोन्ही वेगवेगळे शून्याहून मोठे असायला हवे होते, म्हणजे x दोनाहून मोठा हवा होता. गुणाकार केल्यावर फक्त गुणाकार धन असला की पुरतं, आणि दोन उणे संख्यांचा गुणाकारही धनच असतो. अट सैल झाली आणि −2 आत शिरलं. म्हणूनच ताळा वर्गसमीकरणात पाहून उपयोग नाही, −2 तिथे अगदी चोख बसतं. ताळा पाहायचा तो फोटोतल्या पहिल्या ओळीत.

यावरून ‘उणे उत्तर आलं की खोडा’ असा नियम पुष्कळ मुलं पाठ करतात. तो नियम चुकीचा आहे. हे गणित बघा:

log₂(−x) + log₂(2 − x) = 3

इथे (−x)(2 − x) = 8, म्हणजे पुन्हा तेच x² − 2x − 8 = 0 आणि तीच दोन मुळं. पण या वेळी x = −2 ठेवलं की log₂(2) + log₂(4) = 1 + 2 = 3 येतं, आणि 4 ठेवलं की कंसात −4 येतात. आधी खरं ठरलेलं उत्तर आता खोटं, आणि खोटं ठरलेलं खरं. एक वर्गसमीकरण दोन वेगळ्या गणितांची उत्तरं पोटात घेऊन बसलेलं असतं; त्यातलं आपलं कोणतं, ते त्याला ठाऊक नसतं. तपासायचं ते x चं चिन्ह नव्हे, लॉगच्या कंसातली किंमत.

उणे संख्येच्या लॉगवरून थोर गणितज्ञांमध्येही वाद झाला आहे. 1712–13 च्या सुमारास लायब्नित्झ आणि योहान बर्नुली यांच्यात यावर पत्रव्यवहार झाला. उणे संख्येचा लॉग तिच्या धन जोडीदाराच्या लॉगइतकाच असतो, असं बर्नुलींचं म्हणणं होतं. त्यांचं मानलं असतं, तर आपल्या पहिल्या गणितात −2 हेही उत्तर ठरलं असतं: log₂(2) + log₂(4) = 3! पुढे 1749 च्या सुमारास ऑयलर यांनी हा वाद निकालात काढला. उणे संख्येला लॉग असतात, पण ते काल्पनिक संख्यांच्या प्रदेशात, आणि एक नव्हे तर अनंत. अकरावीच्या वहीत आपण वास्तव संख्यांपुरतंच बोलतो, म्हणून −2 बाद.

घातांकाच्या समीकरणात तोच पाहुणा वेगळ्या दाराने येतो:

4ˣ − 2ˣ⁺¹ − 8 = 0

फोटोत वरचं +1 खाली घसरलेलं दिसू शकतं. मग गणित 4ˣ − 2ˣ + 1 − 8 = 0 असं वाचलं जातं. पण 1 आणि 8 असे सुटे कोण छापेल? −7 च लिहिलं असतं. म्हणजे ते +1 घातांकातलंच. आता 2ˣ ला u म्हणू. 4ˣ म्हणजे u², 2ˣ⁺¹ म्हणजे 2u. समीकरण झालं u² − 2u − 8 = 0, म्हणजे u = 4 किंवा −2. पण 2ˣ कधी उणे होत नाही, म्हणून −2 ची छाननी इथेच, x पर्यंत पोचण्याआधी. 2ˣ = 4 वरून x = 2. ताळा: 16 − 8 − 8 = 0.

उत्तर किचकट असलं तरी छाननी अवघड नसते. पहिल्या गणितात 3 च्या जागी 4 असते, तर मुळं 1 + √17 आणि 1 − √17 आली असती. त्यांचे लॉग काढत बसायची गरज नाही. √17 चारहून थोडं मोठं आहे, म्हणजे पहिलं मूळ पाचहून थोडं जास्त आणि दुसरं उणे. x दोनाहून मोठा हवा, एवढ्यावर निवाडा होतो. पूर्ण किंमत घालून पाहिली तर आकडेमोडीतली चूकही सापडते, तो वेगळा फायदा.

एक चूक मात्र ताळ्यात सापडत नाही. log₂(x²) = 4 हे गणित 2log₂(x) = 4 असं लिहिलं, की उत्तर येतं x = 4, आणि ताळाही बरोबर जुळतो. पण x² = 16 असल्यामुळे −4 हेही खरं उत्तर आहे; कंसात तर 16 च येतात. घात पुढे आणताना x दोन्ही चिन्हांचा असू शकतो, हे गळालं. सम घात लॉगच्या पुढे आणायचा असेल तर 2log₂|x| असं लिहावं, नाहीतर घात तसाच ठेवून थेट x² = 2⁴ करावं.