तांदळाएवढी पेस्ट, पण पुरेशा ताकदीची

टूथपेस्टच्या ट्यूबवर मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत, फ्लोराइडचा आकडा छापलेला असतो. भारतीय नियमांनुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही, आणि जेवढे घातले असेल तेवढे ट्यूबवर आणि खोक्यावर लिहावे लागते. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्राम फ्लोराइड. मोठ्यांच्या बहुतेक फ्लोराइड पेस्टवर हा आकडा हजाराच्या आसपास असतो. 'किड्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टवर तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तर काहींमध्ये फ्लोराइड मुळीच नसते.

लहान मुलासाठी कमी ताकदीची पेस्ट बरी, असे कोणालाही वाटेल. मात्र इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दात किडण्यापासून वाचवण्याचे काम फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर करते. तिथल्या लाळेत ते पुरेसे दाट असेल, तरच आम्लाने झिजलेल्या एनॅमलमध्ये खनिजे पुन्हा बसायला मदत होते. म्हणजे फायदा अवलंबून आहे पेस्टच्या ताकदीवर, पीपीएमवर. अपाय होतो तो पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे, आणि तो अवलंबून आहे एकूण मिलिग्रामवर. त्यामुळे ताकद तशीच ठेवून पेस्टच कमी घेतली, तर दातांना हवे ते मिळते आणि पोटात फारसे काही जात नाही.

ताकद कमी केली तर काय होते, हेही तपासून झाले आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्यात १००० पीपीएम आणि त्यावरच्या पेस्टमुळे मुलांचे दात किडणे स्पष्टपणे कमी झालेले दिसले. साडेपाचशे पीपीएमच्या खाली तसा ठाम फायदा दिसला नाही.

अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये सल्ला बदलला तो याच विचाराने. त्याआधी दोन वर्षांखालच्या मुलांना सरसकट फ्लोराइड पेस्ट देऊ नये असे सांगितले जाई. आता पहिला दात दिसल्यापासून तिसरा वाढदिवस होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत छोट्या वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, असा सल्ला आहे. युरोपातल्या बालदंतवैद्यांचा सल्लाही बराचसा असाच आहे. फक्त वाटाण्याएवढी पेस्ट ते दोन वर्षांपासून चालवून घेतात आणि ताकद किमान १००० पीपीएम असावी म्हणतात.

एक हिशोब करून पाहू. मुलगी दोन वर्षांची आहे, वजन बारा किलो, पेस्ट १००० पीपीएमची. या वयात थुंकणे जमत नाही, म्हणून ती सगळी पेस्ट गिळते असेच धरू. तांदळाएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. दोन वेळचे मिळून पोटात गेले ०.२ मिलिग्राम फ्लोराइड. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेत दिवसाला १.३ मिलिग्राम ही वरची मर्यादा धरतात, आणि त्यात पाणी आणि अन्नातले फ्लोराइडही आले. म्हणजे आपण मर्यादेच्या बरेच खाली आहोत. आता तीच पेस्ट जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पिळली, तर एका वेळी सुमारे एक ग्रॅम होते. दोन्ही वेळची गिळली तर दोन मिलिग्राम. इतक्या लहान वयात अर्ध्याहून अधिक पेस्ट गिळली जाते, म्हणजे निव्वळ ब्रश करण्यातच मर्यादा गाठली जाते. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन ते सहा वर्षांची सुमारे ३८ टक्के मुले अर्धा किंवा पूर्ण ब्रश भरून पेस्ट घेत होती.

असे रोज होत राहिले तर परिणाम दिसतो तो अजून हिरडीत असलेल्या दातांवर. दुधाचे दात तोंडात असताना आतमध्ये कायमच्या दातांचे एनॅमल तयार होत असते. वरच्या पुढच्या दोन दातांसाठी साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा काळ सर्वांत नाजूक असतो. त्या काळात फ्लोराइड सतत जास्त मिळाले तर एनॅमल नीट घट्ट होत नाही, आणि सातव्या-आठव्या वर्षी दात येतो तो पांढुरक्या रेषा किंवा ठिपके घेऊन. याला दातांचा फ्लुरोसिस म्हणतात. पेस्टमुळे होणारा फ्लुरोसिस बहुधा सौम्य असतो. दात दुखत नाही, फक्त डाग दिसतो. तपकिरी डाग आणि खड्डे पडण्याइतका तीव्र प्रकार सहसा पाण्यातल्या फ्लोराइडने होतो. आठ वर्षांनंतर ही भीती जवळपास संपते.

ब्रशची कृती साधी आहे. पेस्ट मोठ्यांनीच लावावी, आणि ब्रशच्या केसांवर ठेवून न देता बोटाने आत दाबावी. वर राहिली की मूल ती आधी चाटून खाते. मुलाला मांडीवर घेऊन मागून दात घासणे सोपे जाते. घासून झाल्यावर उरलेला फेस ओल्या फडक्याने टिपला तरी पुरे. तीनेक वर्षांचे झाले की बेसिनवर वाकवून थुंकायला शिकवावे. मात्र खळखळून चूळ भरायला लावू नये, कारण त्याने दातांवरचे फ्लोराइडही धुऊन जाते. मूल ब्रश चोखत असेल, आणखी पेस्ट मागत असेल, तर स्ट्रॉबेरी किंवा बबलगमच्या चवीऐवजी साधी चव निवडावी.

मुलाने ट्यूबच पिळून खाल्ली तर? डॉक्टर शरीराच्या दर किलोमागे पाच मिलिग्राम ही धोक्याची पातळी धरतात. बारा किलोच्या मुलाला ६० मिलिग्राम, म्हणजे १००० पीपीएमची ६० ग्रॅम पेस्ट. मळमळ आणि पोटदुखी मात्र याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते, कारण पोटातल्या आम्लाशी मिळून फ्लोराइड आतले अस्तर चुरचुरवते. एखादे बोट चाटले असेल तर थोडे दूध द्यावे. दुधातले कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. बरीच पेस्ट पोटात गेली असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा मूल मलूल झाले असेल, तर मुद्दाम उलटी न करवता ट्यूब सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र आधी बोअरच्या पाण्याचा विचार करावा लागतो. लिटरमागे दीड मिलिग्राम ही भारतीय मानकातली शेवटची मर्यादा आहे. तसले एक लिटर पाणी दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात प्यायले, तर तांदळाएवढ्या पेस्टच्या सात-आठ पट फ्लोराइड पोटात जाते. अशा गावात पेस्ट बंद करून फारसे साधत नाही. पाणी तपासून घ्यावे, मुलांच्या पिण्या-स्वयंपाकाला दुसरे पाणी वापरावे, आणि तपासणीचा आकडा दंतवैद्याला दाखवून मगच कोणती पेस्ट द्यायची ते ठरवावे.