कपाटावर चिकटवायचा कागद

पहिल्यांदाच दहा किलोमीटर धावणाऱ्यांसाठी सरावाचा तक्ता करताना तो एका कागदाच्या एकाच बाजूवर मावला पाहिजे, हा माझा हट्ट असतो. दहा आठवड्यांच्या दहा आडव्या ओळी, सोमवार ते रविवार सात उभे रकाने. कागद कपाटाच्या दारावर लागला की पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेतही आज काय करायचं ते दिसलं पाहिजे.

पहिल्या वर्षी विश्रांतीचे चौकोन मी कोरे ठेवले होते. हुरूप असलेल्या मंडळींनी ते धावून भरून काढले! चूक माझी होती. आता तिथे ठळक अक्षरांत ‘विश्रांती’ लिहितो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागणं कमी होतं, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर इतक्या लवकर तयार होत नाहीत, आणि दुखापत होते ती नेमकी याच काळात.

सहाव्या आठवड्याची ओळ पाहा. मंगळवारी ३५ मिनिटं सावकाश. गुरुवारी १० मिनिटं सावकाश, मग २ मिनिटं जरा जोरात आणि २ मिनिटं चालणं असं पाच वेळा, शेवटी पुन्हा १० मिनिटं सावकाश. शनिवारी अर्धा तास नुसतं चालणं. रविवारी ७ किलोमीटर सावकाश. बाकी विश्रांती. मधल्या वारी मी मुद्दाम मिनिटं लिहितो. ‘५ किलोमीटर’ लिहिलं की माणूस कालच्यापेक्षा लवकर संपवायला बघतो. अंतर फक्त रविवारी.

रविवारचा रकाना वरून खाली असा वाचायचा: ३, ४, ५, ४, ६, ७, ५, ८, ६ आणि शेवटी स्पर्धेचे १०. मधेच आकडा उतरतो तो छपाईचा दोष नव्हे, पाय सावरायला दिलेला आठवडा आहे, हे शेजारीच लिहावं लागतं. सरावात ८ झाले की शर्यतीच्या दिवशी १० होतात.

‘सावकाश’ म्हणजे किती, हे तळाशी सांगतो. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटला तर मिनिटभर चाला.

त्याखालची ओळ सर्वांत महत्त्वाची: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. आमच्या गटातल्या एका ताईंचे मंगळवार-गुरुवार पाहुण्यांमुळे चुकले, म्हणून त्या शुक्रवार, शनिवार, रविवार सलग धावल्या आणि सोमवारी जिना उतरताना नडगी धरून बसल्या. आठवडाच चुकला तर आधीची ओळ पुन्हा करायची.

नडगी दुखली तर बोटाने दाबून पाहायची. दुखणं आतल्या कडेने लांबवर पसरलेलं असेल तर काही दिवस धावणं थांबवून बघावं. एकाच बोटाएवढ्या जागी हाडावर कळ येत असेल, तर तक्ता बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं.