एका किलोचा फरक

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर पुरुषांच्या ५५ किलो गटात उतरला होता. ५५ किलो गट म्हणजे खेळाडूचं स्वतःचं वजन जास्तीत जास्त ५५ किलो. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी अधिकृत वजन सुरू होतं. तेव्हा काटा ५५च्या किंचितही वर गेला, तर त्या गटात खेळता येत नाही. (हे गट अधूनमधून बदलतात.)

प्रत्येकाला दोन प्रकारांत तीन-तीन संधी मिळतात. आधी स्नॅच. रुंद पकडीने धरलेला बार जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा, मध्ये कुठेही टेकवायचा नाही. बार फार उंच उडत नाही, खेळाडूच झटकन त्याच्याखाली बसतो आणि मग उभा राहतो. नंतर क्लीन अँड जर्क. यात बार आधी खांद्यावर घेऊन उभं राहायचं आणि मग गुडघे किंचित वाकवून पायांच्या जोरावर तो वर ढकलायचा. मध्ये दम घेता येत असल्याने इथे जास्त वजन उचललं जातं. दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज हीच एकूण कामगिरी.

संकेतने स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले. मलेशियाचा अनिक कसदान १०७वर होता. सहा किलोंची आघाडी! क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने पहिल्याच संधीत १३५ यशस्वी केले, बेरीज २४८. पुढे बारवर १३९ चढले. ते जमले असते तर २५२ झाले असते आणि अनिकला बरोबरीसाठीही १४५ लागले असते. पण दुसऱ्या प्रयत्नात संकेतचा कोपर दुखावला. दुखत्या हाताने तो तिसऱ्यांदा आला, पण १३९ जमले नाहीत. अनिकने १४२ उचलले आणि २४९वर सुवर्ण नेलं.

वजन डोक्यावर पोचलं तरी लिफ्ट बाद होऊ शकते, हे जिममध्ये नव्याने आलेल्यांना पटकन पटत नाही. तीन पंच असतात. किमान दोन पांढरे दिवे लागले तरच लिफ्ट वैध. सर्वांत जास्त घात होतो तो कोपराचा. बार वर गेल्यावर कोपर अर्धवट वाकलेले राहिले आणि मग जोर लावून सरळ केले, की लाल दिवा. हात एकाच ओघात सरळ व्हायला हवेत. (जिममध्ये मात्र याच शेवटच्या रेट्यावर टाळ्या पडतात.) क्लीन करताना कोपर मांडीला किंवा गुडघ्याला लागला तरी बाद. दोन्ही पावलं एका रेषेत आणून स्थिर उभं राहायचं, पंचांचा खाली ठेवण्याचा इशारा येईपर्यंत बार सोडायचा नाही. घाईने आधी टाकला, तर निर्दोष उचललेलं वजनही जातं.

बाद झालेली संधी परत मिळत नाही आणि पुढच्या प्रयत्नात वजन कमी करण्याचीही मुभा नसते. त्यामुळे पहिलं वजन नेहमी हमखास जमेल असंच निवडतात: स्नॅचच्या तिन्ही संधी गेल्या, तर पुढे क्लीन अँड जर्क कितीही जबरदस्त झाला तरी खेळाडूच्या नावापुढे बेरीज लागत नाही.