दप्तर पाठीवर असताना

दप्तर हातात उचलून ‘अगं बाई, केवढं हे ओझं!’ म्हणण्यात अर्थ नाही. ते मुलाच्या पाठीवर असतानाच तपासायला हवं.

माझी भाची तिसरीत आहे. तिला घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसती उभी केली, मग दप्तर अडकवून. आधी २२.४ किलो, मग २५.९. म्हणजे दप्तर साडेतीन किलोचं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे तिच्यासाठी सव्वादोन किलो. दप्तर उपसलं. मला वाटलं होतं, दोष पुस्तकांचा. पण भरलेली स्टीलची बाटलीच १.३ किलोची निघाली आणि रिकामं दप्तर पाऊण किलोच्या आसपास. शाळेत पाण्याची सोय चांगली असल्याने बाटली अर्ध्याहून कमी भरायची ठरली. त्या दिवशी तास नसलेल्या विषयांच्या वह्याही काढल्या. काटा २.४ वर आला. त्याहून खाली आणायचं तर दप्तरच हलकं घ्यावं लागेल.

पण खरी गंमत पट्ट्यांत होती. दप्तर पाठीवर देऊन तिला बाजूने पाहिलं, तर ते कमरेच्या खाली लोंबत होतं आणि वरचा भाग पाठीपासून सुटला होता. ओझं पाठीपासून जितकं लांब, तितकं ते मागे ओढतं. तोल सावरायला मूल कमरेतून पुढे वाकतं आणि मान पुढे काढतं. भाचीचा कान खांद्याच्या चांगलाच पुढे गेला होता. दप्तर काढल्यावर तो पुन्हा खांद्याच्या रेषेत आला. असे दोन फोटो शेजारी ठेवले की फरक झटकन दिसतो. फोटोसाठी मुलं ताठ होतात, म्हणून तिला आधी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

दोन्ही पट्टे सारखे आवळले, जड पुस्तकं पाठीला लागून असलेल्या कप्प्यात सरकवली. दप्तराचा तळ कमरेशी आला, मान मागे आली. पट्टे फार आवळले तर काखेत रुततात. दप्तर उतरवल्यावर खांद्यावर लाल वळ दिसला किंवा हाताला मुंग्या आल्या, तर समजावं. रुंद, गादीचे पट्टे कमी रुततात. मुंग्या येतच राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावं.

जड दप्तराने मुलांची पाठ दुखतेच, असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना तसा ठोस पुरावा मिळाला नाही. दहा टक्के हा ढोबळ अंदाज आहे. म्हणून मी काट्याइतकाच त्या बाजूच्या फोटोवर विश्वास ठेवते. आता भाची दर सोमवारी स्वतःच विचारते, ‘मावशी, माझा कान कुठे आहे?’