दीक्षांत समारंभाचा आदला दिवस

सकाळी ७

विद्यापीठाकडून अंतिम यादी रात्री आली. पीएच.डी. आणि सुवर्णपदकं मिळवणारे उद्या एकेक करून व्यासपीठावर येतील, आणि माइकवरून त्यांचं नाव मी घेईन. यादी सगळी रोमन मोठ्या अक्षरांत आहे. पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरीतही छापलं जातं, म्हणून तो रकाना मी वेगळा मागवून घेते. मराठी मुलांच्या बाबतीत तो विश्वासाचा असतो, कारण अर्ज त्यांनीच भरलेला असतो. बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तो बहुधा कार्यालयातल्या कुणीतरी रोमन स्पेलिंगवरून अंदाजानं लिहिलेला असतो. त्याच्यावर विसंबून चालत नाही.

पहिल्या वाचनात मी नावांच्या तीन वाटण्या करते: येतात ती, येत नाहीत ती आणि येतात असं वाटतं ती. येत नाही त्या नावासाठी आपण फोन करतोच. घात होतो तो तिसऱ्या वाटणीत. यादीत 'झा' आहे. मराठी जीभ ते 'झाड'मधल्या झ-नं म्हणते. मिथिलेतला झा तालव्य आहे, 'झेंडा'तल्यासारखा. 'चौहान' दिसलं की आपल्या तोंडात 'चव्हाण'मधला दंत्य च येतो, आणि राजस्थानातून आलेल्या मुलाला आपलं नाव ओळखू येत नाही. उलट 'जाधव' आणि 'चव्हाण' दिल्लीचे पाहुणे तालव्य करून टाकतात. म्हणून माझ्या टिपणात दंत्य च, ज, झ यांच्याखाली टिंब असतं, ओळखीच्या आडनावांनासुद्धा. दिवसभर बाहेरची नावं वाचल्यावर आपल्याच 'जाधव'ला जीभ अडखळते.

सकाळी ९

दक्षिणेकडची नावं आधी घेते, कारण तिथे नियम लावून बरंच काम उरकतं. तमिळ आणि मल्याळम नावांत रोमन टी-एच म्हणजे बहुतेक वेळा आपला त. लता, सुजाता, गीता यांच्या स्पेलिंगमध्ये एच असतो, आणि आपले निवेदक 'लथा', 'सुजाथा' म्हणून मोकळे होतात. जयललितांचं नाव पेपरात रोज वाचूनही ही सवय गेलेली नाही.

झेड-एचला मात्र नियमाइतकाच सरावही लागतो. कनिमोऴी, आलप्पुऴ, कोऴिकोड यांतला तो वर्ण ना झ आहे ना साधा ळ. जीभ ळ-साठी वळते तशीच मागे वळवायची, पण टाळूला टेकू द्यायची नाही. देवनागरीत त्याच्यासाठी खाली टिंब दिलेला ऴ आहे आणि टिपणात मी तोच वापरते. ऐन वेळी तो जमला नाही तर ळ म्हणावा, तो निदान शेजारचा आहे. झ तर पार दुसऱ्या गावचा.

नावांच्या क्रमाचाही प्रश्न इथेच येतो. तमिळ नावात आडनाव नसतं, वडिलांचं नाव किंवा त्याचं आद्याक्षर असतं. विश्वनाथन आनंद यांत विश्वनाथन हे वडिलांचं नाव, म्हणून 'श्री. आनंद' बरोबर. यादी तयार करताना संगणक शेवटचा शब्द आडनाव धरतो, आणि 'आर.' एवढंच आडनाव असलेली एक विद्यार्थिनी यादीत उभी राहते. व्हिएतनामी नावात कुटुंबाचं नाव आधी आणि स्वतःचं शेवटी येतं, पण आदरानंही हाक मारतात ती शेवटच्या नावानंच. व्हो ङ्वियेन झाप यांना जगानं 'जनरल झाप' म्हटलं ते त्यामुळेच. हा ङ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. तो काढायचा तर 'गंगा' म्हणताना पहिल्या ग-नंतर जीभ जिथे टेकते तिथेच ठेवून नाकातून आवाज सुरू करायचा.

सकाळी साडेदहा ते साडेबारा

आता फोन. 'हे नाव कसं म्हणतात?' असं मी विचारत नाही. विचारलं की लोक आपल्याला सोपं जाईल असं, तुकडे पाडून सांगतात. मी म्हणते, 'घरी फोन आला तर तुम्ही स्वतःची ओळख कशी सांगता, तेवढं एक वाक्य बोला.' त्या वाक्यात नाव जसं येतं ते खरं. संमती घेऊन ते ध्वनिमुद्रित करते. मग मी म्हणून दाखवते आणि मुद्दाम विचारते, 'यात कुठला भाग चुकतोय?' 'बरोबर आहे का?' असं विचारलं तर सभ्य माणूस नेहमी 'हो, चालेल' म्हणतो. 'चालेल' ऐकलं की अजून चुकतंय असं समजावं.

आजचा सगळ्यात मोठा फोन थायलंडहून पाली शिकायला आलेल्या एका भिक्खूंना होता. यादीत त्यांचं पहिलं नाव 'फ्रामहा' असं छापलेलं, आणि आडनावाच्या शेवटी 'कुल'.

"भन्ते, फ्रामहा हे तुमचं नाव आहे का?"

ते हसले. नाव नव्हे, पदवी. थायलंडमध्ये भिक्खूंच्या नावाआधी 'फ्रा' लावतात. पालीच्या परीक्षांची तिसरी पायरी उत्तीर्ण झाली की ते 'फ्रा महा' होतात. म्हणजे कार्यालयानं उपाधीला नाव केलं होतं, आणि खरं नाव मधल्या रकान्यात सरकलं होतं. 'फ्रा'मधला फ दोन्ही ओठ मिटून काढायचा, 'फूल'मधला, 'फॅन'मधला नव्हे.

मग आडनाव. डोळ्यांना ते संस्कृत दिसतं, आणि संस्कृत जाणणाऱ्याला ते 'शुद्ध' करून म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. थाई लेखनात संस्कृत अक्षरं जपून ठेवलेली असतात, उच्चार मात्र थाई नियमानं होतो. सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे 1946 ते 2016 या काळातले त्यांचे राजे. त्यांचं नाव मुळात भूमिबल अतुल्यतेज. थाई माणूस ते 'फूमिफोन अदुन्यादेत' असं म्हणतो. अक्षराच्या शेवटी आलेला ल तिथे न होतो, शेवटचा ज त होतो आणि आपला भ फ होतो. त्याच न्यायानं भन्तेंच्या आडनावातला 'कुल' हा 'कुन' आहे. टिपणात मी 'कुन्' लिहिलं, पाय मोडून. मूळ शब्द बाजूला लिहायचा नाही, नाहीतर उद्या डोळा तिकडेच जाईल.

थाई आणि व्हिएतनामी बोलीतले चढउतार माझ्या टिपणात येत नाहीत. त्यासाठी खुणा केल्या तरी मला त्या वाचता येणार नाहीत. व्यंजनं, स्वरांची लांबी आणि नावांचा क्रम बरोबर असला की त्या माणसाला आपलं नाव ओळखू येतं. तेवढं मी साधते.

दुपारी २

आता पदं आणि उपाध्या. कुलसचिव कार्यालयातून पाहुण्यांचे परिचय आले आहेत. पहिल्याच ओळीत 'महामहिम राज्यपाल'. राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती म्हणून येत आहेत. 2012 साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत समारंभांतून 'महामहिम' हे संबोधन काढायला मान्यता दिली. तेव्हापासून 'माननीय राज्यपाल' किंवा 'राज्यपाल महोदय' म्हणायचं. परदेशी राजदूतांसाठी जुना शिष्टाचार तसाच आहे. मी ओळ बदलली.

दुसऱ्या परिचयात 'पद्मश्री' नावाआधी जोडलेलं. हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. पण राज्यघटनेच्या 18व्या कलमानं उपाध्या रद्द केल्या आहेत, आणि 1995 साली बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पद्म पुरस्कार ही उपाधी नाही, तो नावाच्या पुढेमागे लावता येत नाही. 'पद्मश्रीनं सन्मानित' म्हणावं. कार्यालयातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, पत्रिकेत तसंच छापून गेलंय." पत्रिकेचं आता काही करता येणार नाही, माइकवर तरी बरोबर येईल.

टिपणात संक्षेप एकही ठेवत नाही. 'ले. जन. (नि.)' कागदावर कळतं, पण घाईत तोंडातून 'ले जन' असंच बाहेर पडतं. तिथे पूर्ण लिहायचं, 'निवृत्त लेफ्टनंट जनरल'. पदकांची आद्याक्षरंही उलगडून 'परम विशिष्ट सेवा पदक' अशी. आणि पीएच.डी. घेणाऱ्यांच्या नावाआधी 'डॉक्टर' लिहीत नाही. कुलपतींनी पदवी प्रदान केल्याचं जाहीर केल्यानंतरच ते डॉक्टर.

दुपारी ४

टंकलेखन. अठरा पॉइंटचा ठसा, कागदाची एकच बाजू, खालचा तिसरा भाग कोरा. तिथवर नजर गेली की मान खाली जाते आणि आवाज छातीत पडतो. एक नाव दोन ओळींत कधीच तुटू द्यायचं नाही. खुणा मोजक्याच: अवयव तोडायला आडवी रेघ, शेवटचा अ म्हणायचा नसेल तर पाय मोडलेलं अक्षर, स्वर लांबवायला अवग्रह, जोर जिथे पडतो तिथे अधोरेखा, दंत्य अक्षराला टिंब. याहून जास्त खुणा केल्या तर व्यासपीठाच्या दिव्यात त्या वाचता येत नाहीत. प्रत्येक नावाच्या वर बारीक अक्षरांत यादीतला क्रमांक आणि रोमन स्पेलिंग. ते वाचायला नाही, पडताळायला.

संध्याकाळी ६

सभागृहात तालीम. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाला मी टिपणाचं एक पान दिलं आणि न सांगता मोठ्यानं वाचायला लावलं. नावं त्यानं कधी ऐकलेली नाहीत. त्याला भन्तेंचं नाव पहिल्या झटक्यात आलं. एका मणिपुरी नावावर तो थांबला, तेव्हा तिथे आडवी रेघ चुकीच्या जागी होती हे कळलं. मी स्वतः वाचलं असतं तर कानात साठलेल्या आवाजावर ते सुटून गेलं असतं, आणि टिपण तपासलंच गेलं नसतं.

मग रांगेचं काम. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात क्रमांकाचं कार्ड असेल आणि ते माझ्या हातात आल्याशिवाय मी नाव घेणार नाही. एखादा गैरहजर राहिला आणि मी यादीवरूनच वाचत गेले तर पुढच्या प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव मिळतं. तिथे उच्चार कितीही निर्दोष असला तरी उपयोग नाही.

रात्री ९

ध्वनिमुद्रित केलेले आवाज एकदा ऐकले आणि त्यांच्यामागोमाग पानं वाचली. ऐकायचं आधी, वाचायचं नंतर, म्हणजे कागद आवाजाला बांधला जातो. पानांना टाचणी मारत नाही, क्रमांक घालून सुटी ठेवते.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी पदवी घ्यायला जाणार असेल तर एवढं करा. अर्जात नाव देवनागरीत स्वतःच्या हातानं लिहा, कुणावर सोपवू नका. जमलं तर नाव नेमकं कसं म्हणतात ते समारंभाआधी निवेदकाला सांगा. आणि निवेदकानं फोन करून विचारलं तर 'चालेल' म्हणू नका. नाव बरोबर येईपर्यंत त्याला पुन्हा म्हणायला लावा.